डेंग्यू जाऊन दीड महिना झाला तरी थकवा जाईना, डोकं चालेना. सोलापुरात कुणाला असा अनुभव आहे का?

स्मिता_जुळेसोलापूर | १० डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी मला डेंग्यू झाला होता. एनएस-वन पॉझिटिव्ह, प्लेटलेट खाली आल्या म्हणून ॲडमिट पण व्हावं लागलं. ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवसात ताकद येईल. आता डिसेंबर निम्मा होत आला आणि मी अजून डोकं धुतलं की पंधरा मिनिटं पलंगावर बसून राहते, हात वर धरून केस पुसायचं सुद्धा जीवावर येतंय.

पण थकव्यापेक्षा मला डोक्याचं जास्त टेन्शन आहे. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. बिलावर १८,६९० लिहिलेलं असतं, मी ते वाचते, स्क्रीनकडे वळते आणि तेवढ्यात आकडा डोक्यातून गेलेला असतो, परत बिल बघायचं. गाडी नंबर एमएच १३ पर्यंत लक्षात राहतो, पुढचं गायब. एक ई-वे बिल करायला आधी जितका वेळ लागायचा त्याच्या तिप्पट लागतो. काल "गाळणी" हा शब्द आठवेना, जाऊबाईंना म्हणलं ते चहाचं द्या. वय ३४ आहे हो माझं.

शुगर, थायरॉइड, लिव्हर सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.४. फेरिटिन भरपूर आहे म्हणून लोहाची गोळी दिली नाही. मधेच दोन दिवस एकदम छान जातात, वाटतं झाले बरी, आणि मग काही केलेलं नसताना अचानक कोसळते. अंग दुखतं, घसा धरतो, ताप आल्यासारखं वाटतं, थर्मामीटर लावला तर ९८. घरचे म्हणतात मनावर घेतलंयस. हे नक्की काय असतंय आणि जातंय का?

पहाटे_तलावावर | १० डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, घाबरू नका. मला चार वर्षांमागं असाच जोराचा व्हायरल झाला होता, महिनाभर जिना चढलो की धाप. मग मी ठरवलं की अंथरुणात पडून काही होणार नाही. सिद्धेश्वर तलावाला रोज पहाटे चालायला लागलो, पहिले आठ दिवस त्रास झाला, नंतर रोज थोडं वाढवत गेलो आणि दीड महिन्यात ठणठणीत. शरीराला सवय मोडलेली असते, ती परत लावावी लागते. उद्यापासून रोज अर्धा तास चाला, घाम निघू द्या. आराम जितका कराल तितकं शरीर मागतं.

कडक_भाकरी | १० डिसेंबर, रात्री १०:३२

माझ्या आईला चिकनगुनिया झालता तेव्हा अगदी हेच, सकाळी उठल्या उठल्या बोटं वळायची नाहीत, गुडघे धरलेले. आम्ही तिळाच्या तेलानं चोळायचो आणि सांध्याच्या डॉक्टरला दाखवलं. सहा-सात महिन्यानं बरं झालं. तुम्ही पण हाडाच्या डॉक्टरला एकदा दाखवा.

स्मिता_जुळेसोलापूर | १० डिसेंबर, रात्री १०:५०

@कडक_भाकरी माझे सांधे दुखत नाहीत ओ, सूज पण नाही. पूर्ण अंग जड होतं आणि डोकं बंद पडतं. आईंना आता बरं आहे हे वाचून छान वाटलं.

@पहाटे_तलावावर काका, मागच्या आठवड्यात मी चालून बघितलं होतं. चालताना काही त्रास नाही, उलट फ्रेश वाटलं. पण तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाता आलं नाही. ते चालण्यामुळं असेल असं वाटत नाही, कारण मधला दिवस चांगला गेला होता.

पायरी_पायरीनं | ११ डिसेंबर, सकाळी ७:०५

स्मिता, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोविडनंतरचे असे बरेच पेशंट बघितलेत. तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्यावरच थांबू या.

तापानंतरचा थकवा दोन वेगळ्या तऱ्हांचा असतो आणि दोघांना एकच उपाय लावला की घोळ होतो. एका तऱ्हेत पडून राहिल्यामुळं स्नायू आणि दम कमी झालेला असतो. त्यात माणूस काम करतानाच थकतो, धाप लागते, पाय भरून येतात, पण तास-दोन तास बसला की सावरतो आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाइतकाच किंवा थोडा बरा असतो. काकांचं हे असं होतं, म्हणून त्यांना चालण्यानं गुण आला. काका चुकीचं सांगत नाहीत, त्यांच्यापुरतं ते अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या तऱ्हेत काम करताना काहीच जाणवत नाही. शरीर हिशोब उशिरा पाठवतं, बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधीकधी दोन दिवसांनी. आणि जेव्हा येतं तेव्हा नुसता थकवा येत नाही, घसा, अंगदुखी, झोप झाली तरी न झाल्यासारखी, डोकं बंद, म्हणजे ताप परत आल्यासारखं सगळं. ते एक-दोन दिवस ते आठवडाभर टिकतं. मधला दिवस चांगला गेल्यामुळं माणसाला संबंध कळतच नाही आणि तो म्हणतो "काही केलेलं नसताना कोसळले". तुमचे शब्द हेच आहेत.

तेव्हा चालणं सध्या थांबवा आणि एक वही करा. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: आज नेहमीपेक्षा जास्त काय झालं (उचलणं, उभं राहणं, हिशोबाचं काम, पाहुणे, भांडण, काहीही), आज किती बरं वाटलं दहापैकी, आणि झोप कशी झाली. आठ-दहा दिवसांनी जो दिवस वाईट गेला असेल तिथनं मागं दोन दिवस बघा. इथं येऊन सांगा.

लॅबवाला_दत्तचौक | ११ डिसेंबर, दुपारी १:२०

मी लॅबमध्ये काम करतो. एक विचारायचं होतं, ते फेरिटिन कधी केलेलं आहे? ॲडमिट असतानाचं का?

स्मिता_जुळेसोलापूर | ११ डिसेंबर, दुपारी २:०५

हो दादा, ॲडमिट असतानाचंच. आकडा हजाराच्या वर होता म्हणून सगळे म्हणाले लोह भरपूर आहे.

लॅबवाला_दत्तचौक | ११ डिसेंबर, दुपारी २:३०

मग त्या आकड्यावरनं लोहाचं काहीच सांगता येत नाही ताई. फेरिटिन एरवी शरीरातला लोहाचा साठा सांगतं, पण अंगात ताप-सूज असली की ते आपोआप वर जातं, आणि डेंग्यूत तर फारच वर जातं. ज्याच्या अंगात लोह नाही त्याचं पण त्या आठवड्यात हजार दिसू शकतं. तुमचं हिमोग्लोबिन १०.४ म्हणजे बायकांच्या १२ च्या हद्दीपेक्षा कमीच आहे. आता ताप जाऊन इतके दिवस झालेत, डॉक्टरांना विचारून फेरिटिन परत करा, सोबत सीआरपी पण करा म्हणजे अंगात सूज उरली आहे का तेही कळेल. पाळीत जास्त जातं का तेही डॉक्टरांना सांगा.

आणि डेंग्यूची आयजीएम परत परत करू नका. लोक येतात, "अजून पॉझिटिव्ह आहे म्हणून थकवा आहे का" विचारतात. ती ताप गेल्यावर दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्याचा अर्थ विषाणू अजून अंगात आहे असा नाही.

विजापूर_रोड_७७ | ११ डिसेंबर, रात्री ८:१०

एवढा घोळ कशाला घालता. आमच्याकडं एक डॉक्टर ताकदीचं सलाईन लावतात, पिवळं असतं, सोबत एक इंजेक्शन. माझ्या मेहुणीला दुसऱ्याच दिवशी तरतरी आली. चार सलाईन लावली की काम झालं.

पायरी_पायरीनं | ११ डिसेंबर, रात्री ९:३०

@विजापूर_रोड_७७ तरतरी आली असेल, खोटं नाही म्हणत. पण पिवळ्या सलाईनमध्ये बी-कॉम्प्लेक्स असतं, ज्याला कमतरता नाही त्याची जास्तीची जीवनसत्त्वं लघवीवाटे निघून जातात. पाण्यानं थोडं बरं वाटतं ते दोन ग्लास ताक आणि मीठ घेऊन पण वाटतं. सोबतच्या इंजेक्शनमध्ये काय होतं ते मात्र चिठ्ठीवर लिहून मागा. काही ठिकाणी स्टेरॉइड असतं, त्यानं दोन-तीन दिवस माणूस पळायला लागतो. आणि ज्याला उशिरा कोसळायचा त्रास आहे त्यानं त्या उसन्या जोरावर घर झाडून काढलं की पुढचे आठ दिवस गेले. म्हणून मला त्याची भीती वाटते.

सिव्हिल_इंजि_होणार | ११ डिसेंबर, रात्री ११:४८

मला पण असंच होऊलालंय. तीन आठवड्यामागं व्हायरल झालता, आता वाचायला बसलो की दोन पानात डोकं गरगर. सबमिशन आहे, रात्री दोन-अडीचपर्यंत जागतो तरी काही डोक्यात जाईना. मला पण तेच झालंय का ओ मॅडम? लई टेन्शन आलंय.

पायरी_पायरीनं | १२ डिसेंबर, सकाळी ७:२०

@सिव्हिल_इंजि_होणार तीन आठवड्यात असं असणं फार लोकांना असतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. तू अडीचपर्यंत जागतोयस, मग सकाळी कितीला उठतोस? आधी बाराच्या आत झोप आणि उठायची वेळ एकच ठेव, आठवडाभर करून बघ. वाचताना पंचवीस मिनिटं झाली की पाच मिनिटं डोळे मिटून बस, त्या पाच मिनिटात मोबाइल नको, कारण रील बघणं हे डोक्याला कामच आहे. दोन दिवसांनी कोसळणं असं काही होत असेल तरच स्मितासारखी वही लिही. सहा आठवडे झाले तरी तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखव.

सात_रस्ता_सूनबाई | १२ डिसेंबर, दुपारी ३:४०

मॅडम, हे डिप्रेशन तर नसेल ना? माझ्या नणंदेला डिलिव्हरीनंतर असं झालं होतं, नुसती पडून असायची, आणि औषध चालू केल्यावर फरक पडला.

पायरी_पायरीनं | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

चांगला प्रश्न आहे, आणि दोन्ही एकत्र पण असू शकतं, आजार लांबला की मन खचतंच. ढोबळ फरक सांगते. डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा करावंसंच वाटत नाही, आवडीचं पण नकोसं होतं. तापानंतरच्या थकव्यात करायचं खूप असतं, यादी तयार असते, अंग साथ देत नाही. आणि डिप्रेशनमध्ये थोडं बाहेर पडलं, चाललं तर पुष्कळांना बरं वाटतं, इथं दोन दिवसांनी त्याची किंमत द्यावी लागते. पण झोप उडणं, सतत रडू येणं, जगावंसं न वाटणं असं काही असेल तर वहीबिही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं.

स्मिता_जुळेसोलापूर | २२ डिसेंबर, रात्री ८:५५

पायरी मॅडम, वही लिहिली. मी स्वतः बघून थक्क झाले. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको, ते पण कधी रात्री अकराला कधी पहाटे. पाणी आलं की दोन बॅरल, हंडे, कळशा भरायच्या, मोटर वरपर्यंत ओढत नाही म्हणून बादल्या जिन्यानं वर न्यायच्या. ते करताना मला काही होत नाही, उलट वाटतं बघा मी सगळं केलं. दुसरा दिवस ठीक. आणि त्याच्या पुढच्या दिवशी घसा, अंगदुखी, डोकं बंद. पहिल्या वेळी रविवारी रात्री पाणी, मंगळवारी झोपून. नंतर शुक्रवारी पाणी, रविवारी झोपून. मी आत्तापर्यंत मंगळवारी काय खाल्लं, मंगळवारी थंडी होती का, हेच शोधत बसले होते.

अजून एक. एका दिवशी ऑफिसात ऑडिटचे लोक आले होते, दिवसभर खुर्चीत बसून फायली आणि आकडे. काही उचललं नाही, चालले नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच झालं. हे कसं काय?

पायरी_पायरीनं | २२ डिसेंबर, रात्री १०:०२

कारण डोक्याचं काम हेही कामच आहे, शरीराला ते त्याच खात्यात दिसतं. आकडे जुळवणं, गोंगाटात बोलणं, एकाच वेळी फोन आणि स्क्रीन, पाहुण्यांशी गप्पा, सगळं मोजायचं.

आता पुढं काय ते तुमच्याच दिवसावर सांगते. तुमचा सगळ्यात वाईट नसलेला पण साधारण दिवस घ्या, चांगला दिवस घेऊ नका. त्या दिवशी जेवढं करून दोन दिवसांनी काही होत नाही ती तुमची सध्याची पातळी. चांगल्या दिवशी पण तेवढंच करायचं, हे सगळ्यात अवघड जातं, कारण चांगल्या दिवशी साठलेली कामं डोळ्यापुढं येतात. पाणी भरणं सध्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, यात तडजोड नको. भाजी चिरणं, कपड्याच्या घड्या बसून. अंघोळीला स्टूल घ्या, केस धुवायच्या दिवशी दुसरं जड काम ठेवू नका.

ऑफिसात आकड्यांचं काम सकाळी, जेव्हा डोकं सगळ्यात चांगलं चालतं, वीस-पंचवीस मिनिटं, मग दहा मिनिटं डोळे मिटून. एका वेळी एकाच तऱ्हेचं काम, म्हणजे आधी सगळी ई-वे बिलं, मग नोंदी, मधे फोन नको. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं.

असे दहा-पंधरा दिवस एकदाही न कोसळता गेले की एकच गोष्ट वाढवायची आणि थोडीच, दहा मिनिटांची अकरा. चालणं वाढवलं तर त्या आठवड्यात ऑफिसचे तास तेवढेच ठेवायचे. कोसळलात तर एक पायरी खाली, पण पूर्ण अंथरूण धरायचं नाही, कारण पडून राहिलं की आठवड्याभरात स्नायू आणि अंगातलं पाणी कमी होतं आणि उभं राहिल्यावर गरगरायला लागतं.

पहाटे_तलावावर | २३ डिसेंबर, सकाळी ८:३०

मॅडम, तुमचं वाचतोय आणि पटतंय पण पूर्ण पटत नाही. असं भीत भीत जगलं तर माणूस कधी उठणार? आमच्या ग्रुपमध्ये दोघंजण कोविडनंतर चालूनच बरे झाले. माणसाला थोडं ढकलावंच लागतं.

अजून_तिथंच | २३ डिसेंबर, सकाळी ११:१०

काका, मी त्यातला आहे ज्याला ढकललं गेलं. २०२१ च्या कोविडनंतर मला एका ठिकाणी सांगितलं की रोज दहा टक्के व्यायाम वाढवायचा, त्रास झाला तरी थांबायचं नाही. मी मन लावून केला. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी पडायचो, सांगायचो तर उत्तर यायचं की सुरुवातीला होतंच. शेवटी अशी वेळ आली की दात घासायला स्टूल लागायचं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या लांबलेल्या थकव्याच्या आजारासाठी ठराविक वेगानं वाढवत न्यायचा व्यायाम द्यायचा नाही असं लिहून ठेवलं, ते मला खूप उशिरा वाचायला मिळालं.

मी आता घरून अर्धा दिवस काम करतो. तेव्हापेक्षा बराच बरा, पण कोविडच्या आधीसारखा नाही. कुठलंही औषध घेऊन हा थकवा मुळातून गेला असं माझ्या बाबतीत झालं नाही. स्मिताताई, तुम्हाला दोन महिन्यातच कळलं हे फार चांगलं झालं.

स्मिता_जुळेसोलापूर | २३ डिसेंबर, दुपारी १२:४०

दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आणि भीती पण वाटली. माझं पण असंच राहणार का? डोक्याचं कायमचं काही झालं असेल का?

पायरी_पायरीनं | २३ डिसेंबर, रात्री ९:१५

स्मिता, दोन्ही बाजू सांगते. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावात तीन वेगवेगळ्या संसर्गांचे २५३ पेशंट आजाराच्या सुरुवातीपासून वर्षभर बघितले होते, २००६ ला ते छापून आलं. सहा महिन्यांनी शंभरातले बाराएक जण अजून थकलेले होते, बाकीचे त्याच्या आतच बरे झाले होते. कोण मागं राहणार हे जंतू कोणता त्यावर फारसं नव्हतं, पहिला आजार किती जबर होता त्यावर होतं. त्यात डेंग्यू नव्हता, त्यामुळं आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका, पण एकूण चाल अशीच दिसते. तुम्ही अजून दोन महिन्याच्या आसपास आहात आणि बहुतेक लोक या टप्प्यानंतर सावरतात.

डोक्याचं म्हणाल तर हा विसराळूपणा म्हणजे आठवण पुसली गेलेली नसते, लक्ष टिकत नाही म्हणून गोष्ट आत साठतच नाही. तुम्हाला "गाळणी" नंतर आठवली ना? लोकांचं सहसा लाटेसारखं बरं होतं, आधी वाईट दिवसांमधलं अंतर वाढतं, मग कोसळणं हलकं होतं, आणि लक्ष बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी परत येतं. म्हणून हात-पाय बरे झाले तरी आकडे अजून निसटतात याची धास्ती घेऊ नका.

पहाटेवाले काका, तुमच्या ग्रुपमधले दोघं बरे झाले ते खरंच. मी फक्त म्हणते ढकलायच्या आधी दोन दिवस मागं बघा. ज्याचा तिसरा दिवस चांगला जातो त्याला तुम्ही जरूर तलावावर घेऊन जा.

पहाटे_तलावावर | २३ डिसेंबर, रात्री ९:५०

हे ठीक आहे. तिसरा दिवस विचारत जाईन. तरी माझं मत आहे की अंथरूण लवकर सोडावं.

कन्ना_चौक_वाली | २४ डिसेंबर, सकाळी १०:२०

मी बसले की बरी असते, गॅसपुढं भाकरी करायला उभी राहिले की छातीत धडधड आणि डोळ्यापुढं अंधारी. दोन महिन्यामागं व्हायरलच झाला होता. हे पण त्यातलंच का?

पायरी_पायरीनं | २४ डिसेंबर, दुपारी १:००

असू शकतं, आणि घरी थोडं तपासता येतं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर काढा, त्यात नाडी दिसते. दहा मिनिटं शांत झोपून नाडी लिहा. मग उठून भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, बोलायचं नाही, हलायचं नाही, दर मिनिटाला नाडी लिहा, दहा मिनिटं. घरातलं कुणीतरी शेजारी पाहिजे, चक्कर आली तर लगेच झोपायचं. सुरुवातीला थोडी वाढते ते ठीक, पण ३० किंवा जास्तनं वाढून तशीच राहिली आणि त्रास पण झाला तर तो कागद घेऊन फिजिशियनकडं जा. ते तुम्हाला उभं करून बीपी पण बघतील, रक्त कमी आहे का ते पण बघतील, ईसीजी काढतील. मीठ-पाणी वाढवून पुष्कळांना फरक पडतो, पण बीपी किंवा किडनीचं काही असेल तर विचारल्याशिवाय नको. आणि खरंच बेशुद्ध पडलात, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर घरी मोजत बसू नका.

लॅबवाला_दत्तचौक | २४ डिसेंबर, दुपारी २:१५

यात एक जोडतो. ज्यांना थकव्यासोबत संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री घामानं कपडे भिजतात किंवा दोन आठवड्याच्या वर खोकला आहे, त्यांनी "तापानंतरचा अशक्तपणा" म्हणून थांबू नका, टीबीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणी फुकट होते.

आणि ज्यांच्या घरी बॅरल भरून ठेवतात त्यांनी घट्ट झाकण लावा आणि आठवड्यातनं एकदा घासून कोरडं करा, डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

स्मिता_जुळेसोलापूर | १८ जानेवारी, रात्री ९:२५

खूप दिवसांनी लिहितेय. फेरिटिन परत केलं, ११ आलं! सीआरपी नॉर्मल. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि लोहाची गोळी चालू केली, पाळीसाठी पण तपासायला सांगितलं.

पाणी दीर भरतात. सुरुवातीला घरात जरा कुरकुर झाली, मग मी वहीची पानं सगळ्यांपुढं ठेवली, पाण्याच्या तारखा आणि झोपून राहिलेल्या तारखा. सासूबाईच म्हणाल्या की हिला बादली देऊ नका. मालकांनी महिनाभर ११ ते ४ करू दिलं. सकाळी बिलं, मग डोळे मिटून बसते, शेजारच्या मॅडमना आकडे एकदा वाचून दाखवते.

डिसेंबरच्या शेवटी एकदा पडले, मामेभावाचं लग्न होतं, बसूनच होते पण गर्दी आणि बोलणं. त्यानंतर मात्र नाही. सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेला यंदा गेले नाही, अक्षता सोहळा घरीच टीव्हीवर बघितला, तेवढा वेळ गर्दीत उभं राहणं जमलं नसतं. आता घरापासून कोपऱ्यापर्यंत चालते, तेवढंच. आकडा अजून कधीकधी निसटतो, पण १८,६९० आता एका नजरेत बिलावरनं स्क्रीनवर जातो.

एक शंका. हा फरक गोळीमुळं पडला का काम आवरल्यामुळं?

लॅबवाला_दत्तचौक | १८ जानेवारी, रात्री १०:१०

लोह कमी असलं की थकवा आणि लक्ष न लागणं दोन्ही होतंच, त्यामुळं वाटा असणार. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहा-कॉफीपासून तास-दोन तास लांब. हिमोग्लोबिन महिन्याभरात वर दिसायला लागेल, पण साठा भरायला त्यानंतर पण दोन-तीन महिने लागतात, आकडा सुधारला म्हणून मधेच बंद करू नका.

पायरी_पायरीनं | १८ जानेवारी, रात्री १०:४५

नक्की सांगता येणार नाही. दोन दिवसांनी कोसळणं एकट्या लोहानं समजत नाही, आणि ते थांबलं पाणी भरणं बंद केल्यावर, गोळी मुरायच्या आधीच. म्हणून माझा कल काम आवरण्याकडं आहे. पण कमी रक्तात तुमची पातळी पण खाली असणार, साठा भरत जाईल तशी ती वर सरकेल. वही चालू ठेवा. पुढं वाढवायचं ते ऑफिसचा अर्धा तास की चालायची पाच मिनिटं, दोन्हीतलं एकच निवडा.

अजून_तिथंच | १९ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई, उन्हाळ्याचं आत्तापासून ठरवून ठेवा. माझा अनुभव आहे की एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात पातळी खाली येते, हिवाळ्यात जमलेलं तेव्हा जमत नाही. ऑफिसला दुपारी जायची वेळ असेल तर आधीच बोलून सकाळची करून घ्या.

स्मिता_जुळेसोलापूर | १९ जानेवारी, दुपारी १:१०

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मालकांशी मार्चमध्येच बोलते. मॅडम, मी ऑफिसचा अर्धा तास निवडते, मार्च एंडचं काम डोक्यावर आहे. चालणं कोपऱ्यापर्यंतच ठेवते.